बंद गळ्याच्या आतला शर्ट

मृत्यू माणसाची सगळी आवरणं उतरवतो, असं शोकसभेतले वक्ते सांगतात. आमच्या वडिलांच्या अंगावर मात्र एक कोट राहून गेला होता. तो उतरवायला शहापूरच्या एका फोटो स्टुडिओत दोन दिवस लागले.

वडील मुरबाडच्या बाजारात शिंपी होते. पन्नास वर्षं त्यांनी लोकांचे शर्ट शिवले आणि तितकीच वर्षं आईने त्या शर्टांना काजं केली, बटणं लावली. फोटो काढून घ्यायचा त्यांना कंटाळा. मतदार ओळखपत्रावरचा त्यांचा फोटो पोलिसांना हवा असलेल्या माणसासारखा होता. त्यामुळे मार्गशीर्षात ते गेले तेव्हा दहाव्याला हार घालायला घरात एकच धड फोटो निघाला, तोही मोबाइलवर आलेला. दोन वर्षांपूर्वीच्या सत्काराचा.

त्या सत्काराबद्दल सांगायला हवं. तालुक्यातल्या एका पुढाऱ्याने आपल्या वाढदिवसानिमित्त पाच ज्येष्ठ कारागिरांचा गौरव करायचं ठरवलं. वडील अशा गोष्टींना हसत, पण निमंत्रणपत्रिकेवर नाव छापून आल्यावर हसायचे थांबले. त्यांनी स्वतःसाठी शर्ट शिवायला घेतला. मोतिया रंगाचं कापड, त्यावर बारीक निळी रेघ. कॉलर एकदा शिवली, उसवली, पुन्हा शिवली. खिशावरची रेघ आणि छातीवरची रेघ अशी जुळवली की खिसा आहे हे बोट लावल्यावरच कळावं. कफाचे कोपरे गोल न ठेवता तिरके कापले, कारण गोल कफ कोणीही करतो, असं त्यांचं मत होतं. दुसऱ्यांचे शर्ट चार तासांत उरकणाऱ्या माणसाने स्वतःच्या शर्टाला चार दिवस घेतले.

मंचामागे पोहोचल्यावर कळलं की फोटो एकसारखे यावेत म्हणून आयोजकांनी बंद गळ्याचा काळा कोट आणला आहे. कारागीर पाच, कोट एक. कुंभार उतरवणार, सुतार घालणार, सुतार उतरवणार, बुरूड घालणार. वडिलांची पाळी चौथी. कोट अंगाला मोठा होता. खांदे दोन इंच खाली घसरलेले. कार्यकर्त्याने पाठीमागून कापडाला चिमटे लावले आणि म्हणाला, समोरून काही कळत नाही. वडिलांना समोरूनच सगळं कळत होतं. पण पाहुण्यांना घाई होती. उभी कॉलर गळ्यापर्यंत बंद झाली, बाह्या मनगटाखाली उतरल्या, आणि चार दिवसांच्या कामातलं सुताएवढंही काही दिसेनासं झालं. हातात स्मृतिचिन्ह दिलं, फोटो निघाला, कोट पाचव्याकडे गेला. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतो.

घरी आल्यावर त्यांनी शर्टाची घडी करून कपाटात ठेवली. पुन्हा घातला नाही. गेले त्या दिवशी आईने तोच त्यांच्या अंगावर चढवला, म्हणजे शर्टही गेला. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या हातातला मोबाइल घेतला, फोटो बघितला आणि म्हणाली, “ह्यो कोट काढून घे. परक्याचा कोट घालून ते भिंतीवर नाय बसायचे.”

मोबाइलवरचा फोटो मोठा केला की फाटत होता. मूळ फोटो ज्याने काढला तो स्टुडिओवाला शहापूरचा. त्याच्याकडे फाइल होती. पुढाऱ्याच्या कार्यक्रमांचे फोटो आणि फ्लेक्सही तोच करायचा. तिशीपस्तिशीचा, सभ्य माणूस. माझं ऐकून तो जरा हसला. म्हणाला, दादा, एवढी वर्षं मी लोकांना कोट घालतोय. लायसनच्या फोटोला, लग्नाच्या बायोडेटाला, तयार कोट असतात, मुंडकं बसवलं की झालं. काढायला सांगणारे तुम्ही पहिले.

त्याची पद्धत त्याने समजावून सांगितली. कोटाचा तेवढा भाग माउसने आखून घ्यायचा, चेहरा आणि हात सोडायचे, आणि तिथे काय हवं ते लिहायचं. मग कॉम्प्युटर ती जागा भरतो. संध्याकाळी त्याने मला फोटो पाठवला. वडिलांच्या अंगावर पांढराशुभ्र, इस्त्रीचा शर्ट होता. मला वाटलं, काम झालं. मी तो आईसमोर धरला.

आईने तो तांदळातले खडे निवडावेत तसा बघितला. मग ओळीने सांगितलं. रेघ कुठाय? खांदा उतरलाय. कफ गोल आहे. कॉलर लांब, सिनेमावाल्यासारखी. आणि काजं उजव्या पदरावर आहेत.

शेवटची गोष्ट मी तोवर आयुष्यात पाहिली नव्हती. पुरुषाच्या शर्टात काजं डाव्या पदरावर आणि बटणं उजव्या. बायकांच्या कपड्यात उलट. “पन्नास वर्षं ज्याने बाप्यांचं शिवलं,” आई म्हणाली, “त्याला बाईचा शर्ट घालून बसवलाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः शहापूरला निघाली. आत्या ओसरीवर होती. ती म्हणाली, “दहावा झाला नाय आन तू उंबरा ओलांडतेस? लोक काय म्हनतील गो?”

“लोकांना सांग, टेलरच्या कामाला गेलीय.”

स्टुडिओत आईला खुर्ची दिली, पडदा तिच्याकडे वळवला. स्टुडिओवाल्याने नम्रपणे सांगितलं की आई, कोटाच्या आत खरं काय होतं ते ह्याला दिसत नाही. फोटोत ते नाहीच. ह्याने लाखो शर्ट बघितलेत, त्यावरून हा अंदाज बांधतो.

“मंग माझ्या अंदाजाने बांधू दे,” आई म्हणाली. “मी एकच बघितलाय.”

खांद्यापासून सुरुवात झाली. चूक कोटाची होती. कॉम्प्युटरने कोटाच्याच आकारात शर्ट भरल्यामुळे शर्टही ढगळ झाला होता. स्टुडिओवाल्याने खांदे हाताने आत घेतले. तसं केल्यावर कडेला मागची जागा उघडी पडली. तिथे सत्काराचा बॅनर होता. यंत्राने ती जागाही मन लावून भरली: पुढाऱ्याच्या अर्ध्या चेहऱ्याला आणखी एक कान काढून दिला. मग मागचं सगळंच पुसून साधा आकाशी रंग केला. स्मृतिचिन्हावरची अक्षरंही पुसली. वडील आता कोरी पाटी धरून उभे होते. स्टुडिओवाला म्हणाला, फोटो छातीपर्यंत कापू, पाटी जाईल आणि कफाची कटकटही जाईल. आई म्हणाली, कफ राहू दे, पाटी राहिली तरी चालेल.

मग गळा. उभ्या कॉलरखाली तो पूर्ण झाकला होता, म्हणून तोही नवा बनवावा लागला. यंत्राने दिलेला गळा तिशीतल्या नटाचा होता, त्यावर पंचाहत्तरीचा चेहरा. आई खुर्ची पडद्याजवळ ओढून बसली. मग म्हणाली, लग्नात असा होता. पण राहू दे म्हणाली नाही. चौथ्या वेळी सुरकुत्या ठीक आल्या.

मोतिया रंग आणि निळी रेघ लिहिल्याबरोबर आली. कॉलर सहाव्या वेळी जमली: आखूड टोकं, कडेपासून पाव इंच आत टीप. तिरका कफ यंत्राला ठाऊक नव्हता की मान्य नव्हता, कोण जाणे. तो दर वेळी गोलच करी. शेवटी स्टुडिओवाल्याने कोपरे स्वतः कापले, आणि आईने पडद्यावर बोट ठेवून किती ते दाखवलं. काजांसाठी त्याने छातीचा भाग आरशासारखा उलटवला. काजं डावीकडे आली, पण खिसा उजवीकडे गेला. तो उचलून परत डाव्या छातीवर बसवला, तर रेघ जुळेना. अर्ध्या तासाच्या खटपटीनंतरही केसभर फरक राहिला. स्टुडिओवाला म्हणाला, आई, एवढं कोणी बघत नाही.

“ते बघायचे,” आई म्हणाली. मग पडद्यावरच्या खिशावर बोट ठेवून, “खिसा काढून टाक. चुकीचा खिसा नको.”

बिनखिशाचा, बाकी सगळा बरोबर शर्ट घालून वडील त्याच दिवशी दुपारी चौकटीत बसले. आईने तो फोटो मांडीवर घेऊन घरी आणला. दहाव्याला आलेल्या लोकांनी हार घातले, फोटो छान आलाय म्हणाले. शर्टाबद्दल कोणी काही बोललं नाही. चांगला शिवलेला शर्ट दिसत नाही, माणूस दिसतो, असं वडील म्हणत, त्या हिशोबाने काम उत्तम झालं होतं.

तेराव्याच्या आदल्या दिवशी सकाळी बाजारपेठेच्या नाक्यावर फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली, खाली शोकाकुल म्हणून पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो, वडिलांच्या दुप्पट. वडील बंद गळ्याच्या कोटात होते.

मी स्टुडिओवाल्याला फोन केला. तो अवघडून गेला होता. त्याने सांगितलं की ऑर्डर आल्यावर त्याने आपणहून नवा, शर्टातला फोटो पाठवला होता. त्याला तो चांगला वाटला होता. ऑफिसातून उत्तर आलं, साहेबांच्या शेजारी असा साधा माणूस बरा दिसत नाही, कोट घाला. कोटातली मूळ फाइल आमचं काम करताना त्याच्याकडून पुसली गेली होती आणि दुसरी प्रत शोधायला वेळ नव्हता. मग त्याने त्या शर्टावरच तयार कोटांतला एक चढवला. “रोजी-रोटी आहे, दादा,” तो म्हणाला. त्याच्यावर रागवता आलं असतं, पण सत्काराच्या दिवशी मीही काही उठून उभा राहिलो नव्हतो.

आईपासून लपवायचं ठरवलं होतं, पण तेराव्याचं सामान आणायला ती आत्याबरोबर नाक्यावरूनच गेली. दोघी फ्लेक्ससमोर थांबल्या. आत्या म्हणाली, जाऊ दे गो, रुबाबदार दिसतोय माझा भाऊस. आईने वर बघितलं. खांद्यापासून कफापर्यंत, सवयीने.

“फिटिंग बरं आहे,” ती म्हणाली, आणि नारळ बघायला पुढे गेली.

त्यानंतर ती त्या रस्त्याने गेली नाही. बाजारात जायचं तर मागच्या गल्लीने वळसा घालून जायची. गुडघे दुखतात, तरी.

पौषात म्हसा गावच्या यात्रेला येणाऱ्या भाविकांचं सहर्ष स्वागत करणारा फ्लेक्स त्याच जागी लागला. श्रद्धांजलीचा उतरवला नाही, त्याच्यावरच बांधला. खालचे बांबू चांगले होते.