ताईंना टाळ्या वाजवायच्या नव्हत्या

बिलिंगच्या ताईंना मी स्पर्धेबाहेर टाळ्या वाजवायला उभं केलं, हा माझा पहिलाच पराक्रम. ऑफिसात महिनाभराची चालण्याची स्पर्धा निघाली आणि एचआरमधला सगळ्यात नवा म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. ताईंचा ईमेल आला. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालंय हे ऑफिसला ठाऊक आहेच, तरी भाग घ्यायचाय, लक्ष्य तेवढं झेपेल असं ठरवून द्यावं. 'हृदय' शब्दापाशीच मी अडकलो. पुढचं न वाचता मी त्यांना 'प्रोत्साहन प्रमुख' करून टाकलं.

ताई थेट माझ्या टेबलाशी आल्या. "शहाण्या, पत्र शेवटपर्यंत वाचायला शिकवलं नाही का तुमच्या शाळेत?"

"ताई, तुमच्या काळजीपोटीच..."

"काळजीला घरी नवरा आहे, लेक आहे, सासूबाई आहेत. रांग लागलीय. तुझा नंबर यायचा नाही."

आमच्या मॅडमनी मला झापलं आणि वाट दाखवली: रिपोर्ट मागू नकोस, त्यांना काय झेपेल एवढंच सांगणारी डॉक्टरांची चिठ्ठी घे, आणि कारण कुणाला सांगू नकोस. चिठ्ठीत होतं, सपाट रस्ता, बोलता येईल एवढाच वेग, धाप लागली, छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच थांबणं. मग प्रत्येकाला स्वतःचं लक्ष्य गाठल्याचे गुण मिळतील असं ठरलं.

दुसऱ्या आठवड्यात इमारतीभोवती फेऱ्या चालू होत्या. सेल्सचा पैलवान ताईंच्या टीमचा कॅप्टन. "ताई, शेवटची फेरी! जोर लावा, बाकीच्या टीम पुढे चालल्यात!"

ताई पायरीवर बसल्या. "धाप लागली. थांबले."

"अहो, गुण जातील!"

"जाऊ देत. माझं लक्ष्य डॉक्टरांनी ठरवलंय, तुझ्या शिट्टीनं नाही."

धाप ओसरल्यावर त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन केला. आज विश्रांती, उद्या तपासणी, असं ठरलं. पैलवान माझ्या कानाशी लागला, "त्यांचं नाव काढ ना. टीम मागे पडेल."

ताईंचे कान बिलातली चूक ऐकावी इतके तिखट. "काढून दाखव," त्या म्हणाल्या. "पळणारे पुष्कळ आहेत. वेळेवर थांबणारी एकटी मीच."

नाव राहिलं. तपासणी झाली, डॉक्टरांनी वेग आणखी कमी करून दिला, आणि ताई बुटांच्या नाड्या आवळून पुन्हा हजर. टीम खालून दुसरी आली. पैलवान तोंड पाडून होता. ताईंनी मात्र तपासणीनंतर आपलं लक्ष्य रोज गाठलं आणि ते सगळ्यांना दोनदा ऐकवलं.

स्पर्धा संपली तरी त्या चालतात. परवा मी सोबत गेलो. "बोलता येतंय का, हे बघायचं असतं," त्या म्हणाल्या. "सांग एखादी गोष्ट." मी आमच्या हेडमास्तरांच्या सायकलीची सुरू केली, आणि वळणापाशीच मला धाप लागली. ताई हसत पुढे गेल्या.

गोष्ट अर्धीच आहे. ताई रोज मागतात.