संत्र्याच्या हातांचा आकडा

परदेशातल्या मुलाचं पत्र आईनं पुन्हा वाचलं. ‘सकाळी काही खाण्याआधी हात साबणानं धुऊन कोरडे कर. पट्टी साखर मोजायच्या यंत्रात घाल, बोटाच्या कडेला सुईनं टोच, थेंब पट्टीच्या टोकाला लाव. येईल तो आकडा वहीत लिही. लपवू नकोस.’

हात तिनं धुतले होते. मग अंथरुणावरच्या नवऱ्याला संत्रं सोलून दिलं, बोटं फडक्याला पुसली आणि टोचलं. वीटभट्टीत निबर झालेल्या बोटाला काही कळलंच नाही. आकडा आला दोनशे अडुसष्ट. साखर अशीच चढी राहिली तर इन्सुलिन, असं डॉक्टर म्हणाले होते. तिनं आकडा नवऱ्याला वाचून दाखवला.

“अगं, संत्रं सोलल्यावर हात धुतलेस कुठे?” नवरा म्हणाला. “त्या डबीनं माझं संत्रं मोजलं!”

ती हसली नाही. तिनं हात धुऊन कोरडे केले. नवी सुई, नवी पट्टी, दुसरं बोट. एकशे चौतीस.

“आता पहिला लिहू नकोस.”

“आला तो आला.”

तिनं दोन्ही आकडे लिहिले आणि पहिल्यापुढे ‘हात संत्र्याचे’ असं नोंदवलं. दुसरा आकडा निम्माच आला, तरी सुटल्यासारखं काही वाटलं नाही. भूक तेवढी लागली होती.