रिकाम्या रस्त्याचा फोटो

आमच्या घरात स्टोव्ह तीन होते आणि तिन्ही लोकांचे. आबा ते दुरुस्तीला म्हणून आणत, आई त्यांच्यावर रात्रीच्या भाकरी भाजून घेई आणि सकाळी पुसून-घासून ते टपरीवर परत जात. आपला स्वतःचा स्टोव्ह असावा, असं आई म्हणायची. आबा म्हणायचे, "दुसऱ्याचे चालू करायचं काम आपलं. आपल्याला चूल हाय." पावसाळ्यात सरपण ओलं असलं की घरात धूर एवढा व्हायचा, की मी पुस्तक घेऊन उंबऱ्याबाहेर बसायची. रॉकेलचा वास आमच्या अंगाला कायम. शाळेत माझ्या बाकावर दुसरी मुलगी बसत नसे. वासामुळं की जातीमुळं, हे मी कधी विचारलं नाही. दोन्ही कारणं मला माहीत होती.

आबा मूळचे कळंबचे. कारखान्याचा हंगाम संपला की काम संपायचं, म्हणून ते बारामतीहून इंदापूरकडे जाताना लागणाऱ्या एका बाजाराच्या गावात आले. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या मुख्य रस्त्याच्या कडेला दगडी गटार होतं आणि गटाराच्या आतल्या अंगाला, पडक्या गोदामाच्या भिंतीला टेकून, आबांची पत्र्याची टपरी. पिन, वॉशर, बर्नर, पंपाचं चामडं. त्या टपरीवर मी बी.ए. झाले. आमच्या भावकीत कॉलेज पुरं करणारी मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज बारीक करत नाही.

बी.ए. झाल्यावर नोकरी मिळाली ती बारामतीच्या एका फोटो स्टुडिओत, कंप्युटरवर. नव्वदचं दशक सरत आलं होतं. लग्नपत्रिका जुळवणं, जुन्या फोटोंवरचे डाग काढणं आणि लोकांना हव्या त्या ठिकाणी उभं करणं, हे माझं काम. नवरा-नवरी फोटो काढायची आमच्या पडद्यापुढं आणि मी त्यांना काश्मीरच्या बर्फात नेऊन ठेवायची. मालकांना मी काका म्हणायची. काका म्हणत, "पोरी, तुझ्या हातानं निम्मा तालुका फिरून आला, एस.टी.चं तिकीट न काढता."

मग रस्ता रुंद करायचं निघालं. कचेरीची माणसं आली, चुन्याच्या खुणा करून गेली. गटाराच्या बाहेर, म्हणजे रस्त्याच्या हद्दीत जे असेल ते काढायचं. आत असेल ते राहील. आमची टपरी गटाराच्या आत होती. तरी तिच्यावर फुली पडली. मोजणी बाजाराच्या गर्दीत झाली होती. टेप धरणाऱ्याला टपरीपुढं गटार दिसलंच नव्हतं, कारण तिथं पाट्या, सायकली आणि माणसं उभी होती.

आबा कचेरीत गेले. साहेब म्हणाले, "तीन दिवसांत पुरावा आणा. नुसतं तोंडानं सांगू नका."

"पुरावा म्हंजी काय आणू?" आबांनी मला घरी येऊन विचारलं. "गटार उचलून न्हिऊ का?"

मी म्हणाले, "फोटो नेऊ, आबा."

दुसऱ्या दिवशी नेमका बाजार. काकांकडून कॅमेरा आणि तो बसवायची तिपाई मागून आणली होती. पहाटे रस्ता मोकळा असतो, पण तेव्हा अंधार. आणि झुंजूमुंजू व्हायच्या आत भाजीच्या गाड्या लागतात. म्हणून समोरच्या कापड दुकानाच्या वरच्या गॅलरीत तिपाई लावली. तिथून टपरी, गटार, विजेचा खांब आणि रस्ता सगळं एका चौकटीत बसत होतं. बसत होतं म्हणजे, मधून ऊस भरलेले ट्रॅक्टर, जीपगाड्या, बैलगाड्या आणि माणसांचा लोंढा जाई, आणि गटार त्यामागं गडप होई. एका फोटोत अख्खं गटार दिसणं अशक्य.

पण तिपाई हलवली नाही, तर एकाच दृश्याचे अनेक फोटो निघतात. एका फोटोत गटाराचा डावा तुकडा मोकळा, दुसऱ्यात मधला, तिसऱ्यात उजवा. जे हलतं ते प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असतं. जे हलत नाही ते सगळ्यांत एकाच जागी. हे सगळे कंप्युटरवर एकावर एक ठेवून हलणारं पुसून काढायचं. स्टुडिओत लग्नाच्या फोटोमागून मधेच गेलेला वाढपी मी असाच घालवला होता. मग रस्ता का नाही?

खालून लोक ओरडत होते. "ए बाय, आमचा बी काढ की! पेपरात येणार का?"

एक भाजीवाली म्हणाली, "माझा नगं काढू गं. मी केस इंचरलं न्हाईत."

"मावशी, तुम्ही येणारच नाही फोटोत," मी म्हणाले.

"आँ? मग कॅमेरा इकडं कशाला रोखलाय?"

आबांना मी सांगितलं होतं, थोडा वेळ टपरीतून बाहेर या. ते म्हणाले, "मी का उठू? टपरी माझी हाय." ते बसून राहिले, मान खाली घालून.

सकाळी पाच-सहा फोटो चांगले मिळाले. पण टपरीच्या अगदी पुढ्यात ज्वारीचा एक टेम्पो येऊन लागला आणि तिथंच उभा राहिला. पळणारी गाडी मला घालवता येत होती. उभी गाडी पुढच्या सगळ्या फोटोंत त्याच जागी, आधीच्या फोटोंत तिथं गिऱ्हाईकांची गर्दी; तेवढं गटार कुठल्याच फोटोत नाही. जे कॅमेऱ्याला दिसलंच नाही, ते फोटो एकावर एक ठेवून मिळत नाही. मी ड्रायव्हरला हाका मारल्या. हमालांनी सांगितलं, मालक जेवायला गेलाय, किल्ली त्याच्याकडं. मी तिपाई धरून तशीच थांबले. दुपार कलली तेव्हा टेम्पो निघाला आणि मी घाईघाईनं उरलेले फोटो घेतले.

रोल काळा-पांढरा होता, कारण तो आमच्याच डार्करूममध्ये धुता येई. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत एकाच मापाचे प्रिंट काढले, एकेक स्कॅन केला, एकावर एक रचले. वरचा फोटो अर्धवट पारदर्शक करायचा आणि खांब खांबावर, पत्र्याची कड कडेवर येईपर्यंत सरकवायचा. आधी मी सोपा मार्ग धरला. सगळ्या फोटोंना सारखा वाटा द्यायचा: खालचा पूर्ण, त्यावरचा अर्धा, त्यावरचा एक तृतीयांश, मग एक चतुर्थांश. गर्दी विरली, पण गेली नाही. गटारावर माणसांच्या पुसट सावल्या तरंगत राहिल्या. काका मागून म्हणाले, "हा बाजार हाय का स्मशान?"

मग हातानं केलं. एकेक जागा बघायची. बहुतेक फोटो ज्यावर एकमत होतात ती जमीन, आणि एखाद्यातच जे वेगळं दिसतं तो वाटसरू. तेवढा खोडायचा, खालच्या फोटोतली जमीन उघडी होते. कंप्युटर एका खोडण्याला इतका वेळ घेई की मी मधेच चहा पिऊन यायची. दुपारच्या तुकड्यांचा उजेड सकाळच्याशी जुळवून घेतला. संध्याकाळी पडद्यावर रस्ता पूर्ण रिकामा होता. गटार टोकापासून टोकापर्यंत दगडन्‌दगड मोजावा असं. त्याच्या आत टपरी. टपरीत आबा, कारण तेवढेच एक दिवसभर जागचे हलले नव्हते.

मी प्रिंट घरी नेला. आबांनी तो बराच वेळ हातात धरला.

"गिऱ्हाईक कुठं गेलं?"

"काढलं, आबा. गटार दिसायला पाहिजे ना."

"समदं?"

"समदं."

"आसं बघितलं तर मी हितं कशाला बसलोय, तेच कळंना," ते म्हणाले आणि प्रिंट आईकडं दिला.

सकाळी आम्ही कचेरीत गेलो. साहेबांनी फोटो बघितला आणि शेजारच्या मोजणीदाराकडं सरकवला. तो हसायला लागला.

"बाजाराच्या दिवशी रस्ता रिकामा? काय संचारबंदी होती का?"

मी सगळं समजावून सांगितलं. तिपाई, फोटो, एकावर एक. साहेब ऐकत होते. मग म्हणाले, "बाई, तुमच्या स्टुडिओनं माझ्या मेव्हण्याला ताजमहालापुढं उभा केलाय. तो पुण्याच्या पुढं गेलेला न्हाई."

ते काम मीच केलं होतं.

मोजणीदारानं फोटोवर बोट ठेवलं. "आन् हे बघा साहेब. खांबाची सावली हिकडं, टपरीची तिकडं. तुमच्या रस्त्यावर सूर्य दोन हायेत का?"

मी बघितलं. खरं होतं. खांब सकाळचा होता, टपरीपुढचा तुकडा टेम्पो गेल्यानंतरचा. दिवसभर मी उजेड जुळवला, गर्दी खोडली. पण सावलीची दिशा मला दिसली नव्हती. डोळे फक्त गटारावर होते.

मी निगेटिव्हची पट्टी काढली. "हे मूळ फोटो. एकेका फोटोत गटाराचा एकेक तुकडा स्वच्छ आहे."

साहेबांनी पट्टी खिडकीकडं धरली. "यात काळं पांढरं, पांढरं काळं. मी काय ओळखू? प्रिंट काढून उद्या आणा."

"उद्यापर्यंत थांबता का मग?"

"ते माझ्या हातात न्हाई."

आबा एवढा वेळ दाराशी उभे होते. ते पुढं येऊन म्हणाले, "साहेब, ही कचेरी सुटल्यावर जाता जाता बघा की. डोळ्यानं दिसंल." साहेब म्हणाले, "तात्या, मी रोजच जातो तिथनं. गर्दीशिवाय काय दिसत न्हाई."

मी बारामतीला धावले. रात्री स्टुडिओतच थांबून सगळे प्रिंट वेगवेगळे काढले, काही न खोडता. ट्रॅक्टर, सायकली, केस न विंचरलेली मावशी, सगळे होते तसे. दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी.तून उतरले तेव्हा टपरीचे पत्रे गोदामाच्या भिंतीशी रचून ठेवलेले होते. आबा आणि आई बर्नर गोणीत भरत होते. गर्दी बघायला थांबली होती. आई मला म्हणाली, "आता काढ फोटो." ती रागानं म्हणाली नाही. तेच जास्त लागलं.

ते प्रिंट मी तरीही कचेरीत दिले आणि त्यांच्याबरोबर अर्ज. मग फेऱ्या. साहेब बदलले, मोजणीदार बदलला. आबांनी तोवर एका गॅरेजमध्ये पडेल ते काम धरलं होतं. मालकाच्या हाताखाली काम करायची त्यांना सवय नव्हती आणि ती लागलीही नाही. घरी येऊन ते भिंतीकडं तोंड करून निजत. कोणी स्टोव्ह घेऊन दारात आलं, तर आतूनच म्हणत, "तो माणूस गेला."

रुंद केलेला रस्ता गटारापाशीच थांबला. टपरीच्या जागेवर काहीच झालं नाही. ती नुसती मोकळी राहिली, मग तिथं मोटारसायकली लागायला लागल्या.

शेवटी कचेरीनं लेखी दिलं, की सदर टपरी रस्त्याच्या हद्दीबाहेर होती. जागा परत मिळाली नाही, टपरी उभी राहिली नाही. आमची टपरी गटाराच्या आत होती, एवढं मान्य झालं.