हवा खाणारा व्हॉल्व्ह

हॉस्पिटलच्या गच्चीवरच्या एसीच्या प्लांटरूममध्ये बावीस वर्षं काढलेल्या ऑपरेटर बाईंना सगळे ताईच म्हणत. थंड पाण्याच्या पाइपांत जरा खुट्ट झालं तरी त्यांना कळायचं. त्यांच्याच हातात निष्काळजीपणाचा मेमो पडला, तेव्हा त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

झालं होतं असं. कंत्राटदारानं नवीन पंप बसवला आणि तेव्हापासून वरच्या मजल्यावरचा भाजलेल्या रुग्णांचा वॉर्ड थंड होईना. पाइपांत गुडगुड आवाज. ताई पंप थांबवायच्या, हवा वर जमेपर्यंत थांबायच्या, मग वॉर्डची हवा गार करणाऱ्या एकेका कॉइलचा छोटा कॉक उघडायच्या. आधी फुस्स, मग थुंकल्यासारखं पाणी, शेवटी सलग धार. दोन दिवस बरे जायचे, की पुन्हा तेच.

"बंद सर्किट आहे, तेच पाणी फिरत राहतं. हवा आपोआप येते का? कुठून तरी आत शिरतेय," त्या मॅनेजरना सांगून थकल्या.

कंत्राटदार हसला. "ताई, मी आपोआप हवा सोडणारा व्हॉल्व्ह लावून दिलाय. तुम्ही नीट हवा काढत नाही, त्याला मी काय करू?"

त्यानं तो व्हॉल्व्ह लावला होता पंपाच्या तोंडाशी, पाणी ओढून घेणाऱ्या बाजूला. का, तर तिथं हात सहज पोचतो! तपासलाही होता पंप बंद ठेवून. तेव्हा दाब मोजणारा गेज दाब दाखवणारच.

मेमो आला त्याच दुपारी ताईंनी दोघांनाही वर बोलावलं. व्हॉल्व्हच्या तोंडाला नळीचा तुकडा जोडला, दुसरं टोक पाण्यानं भरलेल्या पेल्यात बुडवलं आणि पंप चालू केला. पेल्यातलं पाणी सरसर नळीत चढलं. पेला रिकामा झाला, तरी नळी सूं सूं करत हवा ओढतच राहिली.

"बघा, हवा सोडतोय की खातोय?" ताईंचा आवाज चढला. "गच्चीवर मुळात दाब कमी, त्यात पंप ओढतो. हा व्हॉल्व्ह पंपाच्या पुढे बसायला पाहिजे, पाइपाच्या सगळ्यात उंच टोकाला, पंप चालू असतानाही दाब राहतो तिथं. आणि सर्किटमध्ये भरलेल्या पाण्याचा दाबही थोडा वाढवा."

कंत्राटदार गेजकडे बघत बसला. मॅनेजर म्हणाले, "ठीक आहे, झालं गेलं."

"झालं गेलं कसं? तीन महिने खाली माणसं भाजल्या अंगानं घामात तळमळली! रोज सिस्टर माझ्याकडे बघायच्या, जणू मीच एसी बंद केलाय. मेमो मागे घेतल्याचं लिहून द्या, आत्ता."

मॅनेजरनी खिशातलं पेन काढलं.

दुसऱ्याच दिवशी व्हॉल्व्ह हलला, जुन्या जागी बूच बसलं, दाब वाढला. ताईंनी शेवटची हवा काढली आणि आठवडाभरात एकदाही गुडगुड ऐकू आली नाही. वॉर्ड गार पडला. पण घरी जेवताना नवऱ्याला ही हकिगत सांगताना त्यांचा घास हातातच राहिला.

"मी बाई नसते, तर पहिल्याच दिवशी ऐकलं असतं ना रे?" त्या म्हणाल्या.