माझ्या नावाची एजन्सी

देवळीत त्या काळी मी विमा एजंट होते, हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. मास्तराला असला धंदा चालत नसे, म्हणून एजन्सी बायकोच्या नावावर. ह्यांच्या शाळेतले निम्मे मास्तर असेच निःस्वार्थी. बोलायचं ह्यांनी, सही करायची मी, आणि कमिशनचं काय करायचं तेही हेच ठरवणार. मला बाई सहीचा मान होता!

मार्च आला की ह्यांना गावातल्या लोकांच्या भविष्याची फार काळजी वाटायची. त्या वर्षी काळजी आमच्या दूधवालीवर येऊन थांबली. नवरा गेलेला, दोन म्हशी, आणि दोन वर्षांनी पोरीचं लग्न करायचं म्हणून साठवलेले पैसे. ह्यांनी तिला सांगितलं, "पोरीच्या लग्नाले कामी येईल, दुप्पट होते." वीस वर्षांनी दुप्पट होते, एवढं सांगायला वेळ मिळाला नसावा.

कागद माझ्यापुढे आला. त्यावर छापलेलं होतं, मी या बाईंना भेटून सगळं समजावून सांगितलं आहे. मी म्हटलं, मग सांगतेच.

सकाळी दूध मापताना तिला सांगितलं, "हे वीस वर्षं भरा लागते. तीन वर्षांच्या आत सोडलं तर काहीच वापस भेटत नाई. लग्न दोन वर्षांनी हाये ना? पोस्टात ठेव."

ती हसली. "मंग गुरुजी काऊन म्हणले?"

"त्यायले कमिशन भेटते."

"गुरुजी तसे नाईत, बाई. मया पोरीले अक्षर त्यायनंच शिकवलं."

नवऱ्याची बदनामी करणारी बायको, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मी सही केली नाही. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. घरात भलतीच शांतता लाभली. मला वाटलं, जिंकले. कसलं काय! पलीकडच्या मास्तरांच्या बायकोच्या नावावरही एजन्सी होतीच; तिनं भाजी निवडता निवडता सही करून दिली. कशावर, हे तिनंही विचारलं नाही. कमिशन दोघा गुरुजनांत अर्धं अर्धं.

दोन वर्षं तिनं इमानानं हप्ते भरले. लग्न ठरल्यावर पैसे काढायला वर्ध्याच्या ऑफिसात गेली आणि तशीच परत आली. शेवटी एक म्हैस विकली.

पत्रिका द्यायला ती घरी आली तेव्हा मी आत लाजेनं मरत होते. हे मात्र खुर्चीत ताठ. ती ह्यांच्या पाया पडली. "गुरुजी, तुम्ही बरोबरच सांगतलं असन. मलेच समजलं नाई."

ह्यांनी तिला आशीर्वाद दिला.