वीणाताईंची बस

सिडनीतल्या वेंटवर्थव्हिलच्या किराणा दुकानात कोथिंबिरीच्या जुड्या निवडता निवडता बायका सांगत होत्या, की ती स्पॅनिशवाली वीणा शनिवारच्या शाळेत पोरांना शिव्या शिकवते. एकीच्या मते तिला काढूनही टाकलं होतं.

तसं काही नव्हतं. वीणाताईंनी शिकवलं होतं फक्त बस पकडायला.

त्या स्पॅनिश शिकल्या पुण्यात, स्पेनहून आलेल्या पुस्तकांवर. तिकडे बस पकडणे म्हणजे ‘कोखेर एल आउतोबुस’. कोखेर म्हणजे घेणे, पकडणे. स्पेनमध्ये आजीबाईही दिवसातून वीस वेळा म्हणतील इतका साधा शब्द. पण अर्जेंटिनात तोच शब्द शरीरसंबंधासाठी वापरायचा गावठी, ओंगळ शब्द आहे. तिथे बस घ्यायची ती ‘तोमार’ म्हणून.

आता वर्गातल्या मयूराचे बाबा ठाण्याचे, आई अर्जेंटिनाची, आणि आईची आई ब्लॅकटाउनला त्यांच्याकडेच राहते. मयूराने जेवताना मोठ्या ऐटीत आजीला सांगितलं, की उद्या मला तुझ्याबरोबर बस ‘कोखेर’ करायची आहे. आजीने घास खाली ठेवला. मग आईने शाळेला ईमेल केला, चांगला तीन परिच्छेदांचा.

वीणाताई सोमवार ते शुक्रवार औषधांच्या गोदामात उभ्याने काम करतात. शनिवारचा वर्ग हीच त्यांची एक बसायची जागा, असं त्या म्हणतात. बसलेल्या मात्र कधी दिसत नाहीत. प्रिन्सिपलनी बोलावलं, वर्ग जायची वेळ आली, म्हणून त्या चिडल्या नाहीत की रडल्या नाहीत. पाय सुजले होते, आणि प्रिन्सिपलच्या खोलीत खुर्ची होती, एवढंच त्यांच्या आधी लक्षात आलं.

प्रिन्सिपल नाकातून बोलतात, प्रत्येक वाक्य शेवटी प्रश्नासारखं वर चढवतात. वीस वर्षं शिकवताय आणि हे माहीत नव्हतं? असं त्यांनी विचारलं.

“माहीत होतं,” वीणाताई म्हणाल्या. “सांगायचं राहून गेलं. घंटा झाली, पुढच्या शनिवारी सांगू म्हटलं.”

मग त्यांनी स्वतःचीच एक गोष्ट काढली. सिडनीत आल्या तेव्हा इंग्रजी सगळं अमेरिकन मालिकांतून उचललेलं. सुपरवायझरच्या मुलीची नेटबॉलची फायनल होती. लंचरूममध्ये सगळ्यांसमोर वीणाताई प्रेमाने म्हणाल्या, ‘आय ॲम रूटिंग फॉर युअर डॉटर.’ म्हणजे मी तिच्या बाजूने. कुणाच्या हातातलं सँडविच हलेना.

प्रिन्सिपल कानापर्यंत लाल झाले. इथे टीमसाठी कुणी ‘रूट’ करत नाही, ‘बॅरक’ करतात. आणि इथे ‘रूट’ म्हणजे अर्जेंटिनातल्या ‘कोखेर’चा सख्खा भाऊ, हे त्यांना कुणी समजवायला नको होतं.

“मला तेव्हा कुणी काढलं नाही,” वीणाताई म्हणाल्या. “एकीने बाजूला घेऊन सांगितलं फक्त.”

ठरलं असं, की पुढच्या शनिवारी प्रिन्सिपल वर्गात बसतील, मयूराची आजीही येईल. मुलांसमोर चूक दुरुस्त झाली तर वर्ग राहील. नाहीतर पुढच्या टर्मला बंद.

त्या शनिवारी वीणाताईंनी फळ्यावर दोन रकाने केले, स्पेन आणि अर्जेंटिना, आणि बजावलं: समोरचा कुठला आहे ते आधी विचारा, मग तोंड उघडा. शंका आली तर ‘तोमार’ म्हणा, ते दोन्हीकडे चालतं. आजी मागच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती, कस्टमच्या अधिकाऱ्यासारखी.

शेवटी संवादाचा सराव आला. वीणाताई प्रवासी झाल्या. शुक्रवारच्या रात्रीच्या शिफ्टहून थेट आल्या होत्या, डोळे मिटत होते, आणि वीस वर्षांची सवय जिभेवर बसलेली.

“तेन्गो के को…”

प्रिन्सिपलांचं पेन थांबलं.

“…म्प्रार,” वीणाताई म्हणाल्या, “उन बियेते.” मला तिकीट विकत घ्यायचंय.

आजी खुदकन हसली. आमच्याकडे बसच्या तिकिटाला ‘बोलेतो’ म्हणतात, असं तिने बसल्या जागेवरून सांगितलं, आणि मग उठून फळ्यापाशीच आली. ‘आउतोबुस’ही नाही म्हणाली, ‘कोलेक्तिवो’ म्हणा. वीणाताईंनी खडू तिच्या हातात दिला आणि त्या वर्षात पहिल्यांदा वर्गातल्या खुर्चीवर बसल्या.

वर्गात त्यांची नक्कल करण्यात मी पटाईत; तासाआधी मी त्यांच्याशी पैज लावली होती, की आज संवादात एकदा तरी ‘कोखेर’ तोंडून निसटणारच. पैज हरल्यास पूर्ण टर्मभर मी त्यांची नक्कल करणार नाही, असं ठरलं होतं. आठ शनिवार उरलेत.