साडेतीन ते चार

शिरूरच्या एका खाजगी हॉस्पिटलात मी अकरा वर्षं वॉर्डची सिस्टर आहे. ज्यांची ही गोष्ट, त्या बाई तळेगाव ढमढेरेच्या, पन्नाशीच्या. नवरा-बायको मिळून शेवंती लावायचे. गळ्याला गाठ आली होती म्हणून सकाळी थायरॉइडचा अर्धा भाग काढला. दुपारी एकला वॉर्डात आल्या तेव्हा चांगल्या बोलत होत्या. घरी फुलं तोडायला बाया आल्यात का, हे त्यांनी नवऱ्याला दोनदा विचारलं.

साडेतीनला मी राउंडला गेले. त्या म्हणाल्या, "सिस्टर, गळ्यात कायतरी दाटल्यावानी होतंय. थुंकी गिळवंना."

"भूल देताना नळी घातली होती ना मावशी, म्हणून खवखवतंय. होईल कमी."

ऑक्सिजनचा आकडा अठ्ठ्याण्णव होता. जखमेतलं रक्त बाहेर यावं म्हणून बसवलेल्या नळीच्या, म्हणजे ड्रेनच्या, बाटलीत जेमतेम चमचाभर रक्त. म्हणजे आत रक्तस्राव नाही, असं मी धरून चालले. नाडी मात्र सकाळपेक्षा बरीच वाढली होती. ती मी लिहून ठेवली आणि पुढच्या खाटेकडे गेले. गळ्यावर जाड पट्टी होती. ती उचलून खाली बघितलं नाही.

चारच्या सुमाराला त्यांचा नवरा टेबलापाशी आला. "सिस्टर, जरा बघता का? ती सारखी उठून बसती. झोप म्हनलं तर ऐकत न्हाई. आन् आवाज बी येगळा येतोय."

त्या खाटेच्या कडेला पुढं वाकून बसल्या होत्या, दोन्ही हात गादीवर रोवून. श्वास भराभर चालला होता. मी पट्टी काढली. डाव्या बाजूला गळा फुगून टणक झाला होता आणि टाक्यांवरची कातडी ताणून चकाकत होती. आत रक्त साठून गोठत होतं. ते ड्रेनमधून येईना आणि श्वासनळीला आवळत होतं. आकडा अजून शहाण्णव होता. तो सगळ्यात शेवटी पडतो, हे मी शिकले होते, आणि तरी अर्धा तास त्याच्यावरच विसंबले होते.

खाटेची डोक्याकडची बाजू उंच केली, ऑक्सिजनचा मास्क लावला, भुलीच्या डॉक्टरांना बोलवायला पाठवलं आणि सर्जनना फोन केला. ते दौंडच्या ओपीडीत होते.

ड्युटीचे डॉक्टर म्हणाले, "थिएटरमध्ये हलवूया."

फोनवरून सर म्हणाले, "हलवू नका. खाटेवरच टाके कापा. आत्ता."

कात्री ड्रेसिंगच्या खोलीत होती. मी पळत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या श्वासाला घरघर लागली होती, ओठ काळे पडायला लागले होते. माझा हात त्यांनी मनगटाला धरला, इतका घट्ट की सोडवून घ्यावा लागला. डॉक्टरांनी वरचे टाके कापले. थोडं रक्त आलं. फुगवटा तसाच.

"आतला स्नायूंचा थर उघडला का?" सरांनी विचारलं.

"नाही सर."

"तेही टाके कापा. बोटानं गुठळ्या काढा."

डॉक्टरांनी ते केलं. काळ्या गुठळ्या बाहेर आल्या. पण तोवर हृदय थांबलं होतं. आम्ही छाती दाबत राहिलो. भुलीच्या डॉक्टरांनी मोठ्या कष्टानं नळी घातली आणि काही मिनिटांनी नाडी लागली. जखमेत गॉज भरून त्यांना थिएटरमध्ये नेलं. सर पोहोचले आणि त्यांनी एक बारीकशी रक्तवाहिनी बांधली. एवढीशीच होती ती. तिथून त्यांना पुण्याला हलवलं. त्या शुद्धीवर आल्याच नाहीत. बाराव्या दिवशी गेल्या.

कागद न्यायला नवरा आला. फाइल घेऊनही उभाच राहिला.

"सिस्टर, तुमाला कवा कळलं?"

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेऊ शकले असते. "साडेतीनला त्या मला म्हणाल्या होत्या, मामा. मी तेव्हाच पट्टी काढून बघायला हवं होतं. मी बघितलं नाही."

"मला तर ती तीनलाच म्हनली हुती," ते म्हणाले. "मी म्हनलो, गप पड जरा."

ते गेले.

आता आमच्याकडे गळ्यावर जाड पट्टी बांधत नाहीत. कात्री, चिमटा, गॉज खाटेशीच टांगलेलं असतं. थायरॉइडचा पेशंट आला की मी सोबतच्या माणसाला समोर बसवून सांगते: गिळता येईना, आवाज बदलला, गळा फुगला, जीव कासावीस झाला, आडवं पडवंना, तर मला बोलवा. मी दुसरं काही करत असले तरी बोलवा. काही जण घाबरतात. एकदा एका सुनेनं विचारलं, "असं खरंच होतं का?"

"क्वचित," मी म्हणाले, आणि तिच्या सासूचा गळा पुन्हा एकदा हातानं चाचपून बघितला.